वाळूचं ताट आणि पोरीचा हात

माझी मुलगी चार वर्षांची झाली त्या दिवाळीनंतर मी तिला अंगणवाडीत घातली. आम्ही शहरात, मुकुंदवाडीत राहायला येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. आमचं गाव माणदेशात, इथनं एका रात्रीच्या एसटीवर. माहेरी-सासरी दोन्हीकडं मेंढरं. नवरा गवंडीकाम शिकला आणि कामामागं इथवर आला. त्याच्यामागं मी. इथं ओळखीचं कुणी नाही. पोरीला अंगणवाडीत सोडून मी घरी जायचे नाही, दाराशी पायरीवर बसून राहायचे. ती रडायची म्हणून बसते, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे ती तिसऱ्या दिवसापासनं रडायची थांबली होती. मलाच तिथनं उठवत नव्हतं.

त्या पायरीवर बसून मी जे बघितलं ते आधी मला अजिबात पटलं नव्हतं.

मला वाटलं होतं, फळ्यावर अक्षरं असतील, पोरं पाटीवर गिरवत असतील. आत बघते तर दहा-बारा पोरं भुईवर मांडी घालून बसलेली आणि प्रत्येकापुढं पत्र्याचा एक चपटा ट्रे. मिठाईच्या दुकानात पेढे मांडतात तसला. तळाला निळा रंग दिलेला आणि वर बोटभरही जाड नाही अशी वाळू पसरलेली. पोरं एका बोटानं वाळूत रेघ ओढत होती. बोट फिरलं की खालचा निळा रंग वर यायचा. मग ट्रे दोन्ही हातांनी धरून हलवायचा की सगळं पुसून वाळू पुन्हा सपाट.

अंगणवाडीच्या ताई लासूर स्टेशनकडच्या शेतकऱ्याच्या घरच्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगानं भरलेल्या, आवाज मात्र हळू. त्या मधनं फिरत म्हणायच्या, "पाऊस कसा पडतो? वरून खाली. पाडा पाऊस." की सगळी बोटं वरून खाली. "आता रस्ता. मुकुंदवाडीहून चिकलठाण्याला." की सगळी बोटं डावीकडून उजवीकडं. कुणी वाकडा रस्ता काढला तर म्हणायच्या, "खड्डे हाईत वाटतं तुझ्या रस्त्यात," आणि पुढं जायच्या. पोरं खिदळायची.

चार दिवस मी हे बघितलं. पाचव्या दिवशी धीर करून विचारलं, "ताई, शिकवायला कधी सुरू करणार?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माय, हे काय चाललंय मग?"

"हे खेळणं झालं. लिहायचं म्हणते मी."

"लिहितील की. घाई काहून करायची? आधी खांदा लिहितो, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. बोटांचा नंबर यायला लई वेळ आहे अजून."

मला त्यातलं काही कळलं नाही. खांद्यानं कोण लिहितं? सातवीत माझी शाळा सुटली. धाकट्या भावाला सांभाळायला आणि मेंढरांमागं जायला घरात माणूस नव्हतं. पण तेवढ्या सात वर्षांत मला एवढं ठाऊक झालं होतं, की लिहायला पेन्सिल लागते, वही लागते आणि मास्तरांची छडी लागते. माझी अक्षरं कायम रेघेच्या बाहेर जायची. आजही कुठं सही करायची वेळ आली की मला घाम फुटतो. पोरीचं तसं होऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून भीती वाटायची. ती मेंढरामागं गेली नाही, शहरात आली आणि इथं येऊन वाळूत खेळते, हे गावाकडं कुणाला सांगायचं कसं?

त्यात शेजारच्या भाभी. त्या खुलताबादच्या. त्यांचा मुलगा माझ्या पोरीच्याच वयाचा आणि मोठ्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेच्या नर्सरीत जाणारा. रोज संध्याकाळी त्या त्याला ओट्यावर बसवायच्या आणि वहीत ए बी सी डी काढायला लावायच्या. "देखो, झेडपर्यंत आला," असं मला हाक मारून दाखवायच्या. मनानं चांगली बाई, पोरीला खीर आणून द्यायची, पण ती वही बघितली की मी काहीतरी काम काढून घरात शिरायचे.

नवऱ्यानं एक दिवस सांगून टाकलं. "मार्चमध्ये त्या शाळेत फॉर्म भरायचा. प्रवेशाच्या आधी पोरांकडनं लिहून घेतात म्हणे. तवर तिला लिहायला आलं पाहिजे."

"आणि नाही आलं तर?"

"नाही आलं तर माझ्यासारखी विटा मोजंल," तो हसून म्हणाला. तो हसला, मला हसू आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानातनं ठिपक्यांची वही आणली. ठिपक्यांवरनं गिरवलं की 'अ' होतो, 'आ' होतो, तसली. नवरा कामावरनं यायच्या आधी तासभर मी पोरीला मांडीवर घ्यायचे, तिच्या मुठीत पेन्सिल द्यायचे, वरून माझी मूठ आवळायचे आणि गिरवायला लावायचे. तिचा हात मऊ, लगेच भलतीकडं जायचा. मी ओढून रेघेवर आणायचे. ती म्हणायची, "आई, हात दुखतोय." मी म्हणायचे, "एक ओळ राहिली." मग आणखी एक. मारलं कधीच नाही, हे मी शपथेवर सांगते. पण हात घट्ट धरला. एवढा घट्ट, की सोडल्यावर तिच्या बोटांवर पेन्सिलीचा वळ दिसायचा.

हे मी ताईंना सांगितलं नाही. का, ते तेव्हाही कळत होतं.

अंगणवाडीतली वाळू सांडून सांडून कमी होत चालली होती. ताईंनी एकदा सगळ्या आयांना विचारलं, कुणाकडं मूठ-मूठ वाळू मिळंल का. माझी छाती फुगली. गवंड्याच्या बायकोला वाळूचं काय! मी नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं साइटवरनं अर्धं पोतं मोटारसायकलवर घालून आणलं. मी ते डोक्यावर घेऊन अंगणवाडीत गेले. परक्या गावात आपल्याजवळ काहीतरी आहे, ते दुसऱ्याला देता येतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

ताईंनी ट्रे भरले. पोरांनी बोटं घातली. पाच मिनिटांत एक पोरगं बोट तोंडात घालून रडायला लागलं, दुसऱ्यानं बोट फ्रॉकला पुसलं. फ्रॉक त्याचा नव्हता, शेजारणीचा होता, त्यावरनं भांडण. माझ्या पोरीनं एकदा बोट टेकवलं आणि हात मागं घेतला.

ताईंनी वाळू चिमटीत घेऊन चोळली. मग माझा हात धरून माझं बोट ट्रेमध्ये फिरवलं. "बघा माय."

बोचत होती. करकरीत, धारदार आणि वर राखाडी भुकटी. ती नदीची वाळू नव्हतीच. आता साइटवर नदीची वाळू कुठं मिळते? दगड क्रशरमध्ये दळून करतात ती. भिंतीला छान धरते कारण तिला कोपरे असतात. हे मला नवऱ्यानं दहादा सांगितलेलं. पण लेकराच्या बोटाला तेच कोपरे लागतात, हे डोक्यात आलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र पोट धरून हसल्या. "अंगणवाडीचा पाया भरायचा असला तर लई भारी वाळू आहे ही! राहू द्या, बाहेर दाराशी चिखल होतो तिथं टाकू." आणि खरंच टाकली. माझी वाळू वाया गेली नाही. असं त्या करायच्या. दुसऱ्याची चूकसुद्धा कुठंतरी उपयोगाला लावायच्या.

मग एका पोराच्या आजोबांनी पैठणकडच्या आपल्या गावाहून घागरभर नदीची वाळू आणून दिली. ताईंनी ती तीनदा धुतली, उन्हात वाळवली, पिठाच्या चाळणीनं चाळली. मी मदतीला होते. हातातनं गळताना ती वाळू पाण्यासारखी वाटायची. दुसऱ्या दिवशी ट्रे मांडले आणि पोरं तुटून पडली.

माझी मुलगी आली नाही.

ती भिंतीला टेकून उभी राहिली, उजवा हात फ्रॉकच्या आत. मला वाटलं, त्या बोचऱ्या वाळूची धास्ती बसली असंल. ताईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी तिच्या तळहातावर नवी वाळू हळूच ओतली. "बघ, मऊ आहे." तिनं वाळू खाली सोडली आणि हात पुन्हा आत. दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच.

चौथ्या दिवशी ताई पायरीवर माझ्याजवळ येऊन बसल्या. "घरी लिहायला बसवता का तिला?"

"नाय," मी म्हणाले. पटकन. विचार करायच्या आधी.

"बरं," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मग त्यांनी काय केलं, तर पाण्याची बादली आणि चुना मारायचा कुंचला आणला. अंगणात ऊन होतं. बाहेरची भिंत तापलेली. "आज भिंत रंगवायची. पाण्यानं." कुंचला पाण्यात बुडवून भिंतीवर वरून खाली ओढला की काळपट ओला पट्टा उठायचा आणि बघता बघता वाळून जायचा. पोरं टाचा उंच करून पूर्ण हात फिरवत होती. खांदा लिहितो म्हणजे काय, ते मला त्या भिंतीपाशी कळलं. एवढ्याशा पोरांचा अख्खा दंड खांद्यापासनं फिरत होता आणि भिंतीवर माणसाएवढे गोल उमटत होते.

ताईंनी माझ्या पोरीपुढं कुंचला धरला. तिनं घेतला नाही. ताईंच्या तोंडाकडं बघून विचारलं, "तू हात धरणार?"

"मी? नाय बा. मी कशाला धरू?"

"चुकल्यावर?"

"चुकल्यावर तर वाळून जातं की. बघ ते कुठं गेलं, आत्ता होतं."

पोरगी भिंतीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. मी पायरीवर होते, दहा पावलांवर. तिनं माझ्याकडं बघितलं आणि कुंचला न घेता हात पाठीमागं नेला.

ताईही माझ्याकडं बघत होत्या.  त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोरं खिचडी खायला बसली तेव्हा मी आत गेले आणि सगळं सांगितलं. वही, ठिपके, तासभर, मार्चचा फॉर्म. आणि खोटं बोलले तेही. सांगताना मला रडू आलं. ताईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तुम्ही वाईट नाय केलं," त्या म्हणाल्या. "भीतीनं केलं. माझ्या थोरल्याला मीच असंच बसवलं होतं. तेव्हा मला कुठं माहीत होतं? पुढं तो वही बघितली की पोट दुखतं म्हणायचा. चौथीपर्यंत." मग त्यांनी रिकामा ट्रे माझ्यापुढं ओढला. "काढा काहीतरी."

"मी?"

"तुम्ही. नाव नको, अक्षर नको. नुसतं बोट फिरवा."

मला काय काढावं कळेना. शाळा सुटल्यापासनं कुणी मला काही काढायला सांगितलं नव्हतं. बोट आपोआप गेलं आणि दोन आडव्या रेघा ओढल्या, खाली एक टिपका. माझ्या वडलांच्या मेंढरांची खूण. दोन कळप एकात एक मिसळले तर ओळखता यावं म्हणून पाठीवर लाल रंगानं करायचे. वडलांना लिहिता येत नव्हतं, पण ती खूण त्यांनी अंधारातसुद्धा सरळ काढली असती.

ताईंनी विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "आणि हे तुम्ही आजवर पोरीला दाखवलं नाय?"

खरंच दाखवलं नव्हतं. ते शिक्षण असतं, असं कधी वाटलंच नव्हतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर ठिपक्यांची वही मी पत्र्याच्या पेटीत सगळ्यात तळाला टाकली. नवऱ्याला सांगितलं नाही. एक लपवणं थांबवायला दुसरं लपवणं सुरू केलं, असंच म्हणा.

पुढचे दोन-तीन महिने ताईंनी जे केलं ते मी पायरीवरनं नाही, आत बसून बघितलं. त्यांनीच मला आत बोलावलं. मातीचं काम माझ्याकडं दिलं. कुंभाराकडनं आणलेली माती भिजवायची, दगड-काडी वेचून टाकायची आणि कणकेसारखी मळायची. हाताला चिकटणार नाही आणि वळताना चिरणारही नाही, इतपत. ते मला चांगलं जमायचं. भाकरीचं पीठ मळणाऱ्या हाताला ते सांगावं लागत नाही.

माझ्या पोरीला त्यांनी वाळूकडं बोलावलंच नाही. तिच्यापुढं माती ठेवली. मातीत रेघ नसते, म्हणून चूक नसते. आधी ती नुसती मुठीनं दाबायची. मग तळहातावर गोळे वळायला लागली. मग भुईवर हात पुढं-मागं करून लांब साप. एक दिवस ताई माझ्या कानात म्हणाल्या, "चिमटी बघा." मी बघितलं. ती मातीच्या गोळ्याला अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून कान काढत होती. मेंढीचे कान. "हीच चिमटी पेन्सिल धरंल," ताई म्हणाल्या. "तुम्ही धरून देत राहिला असता तर मुठीतच राहिली असती."

मेंढरं तिला मी सांगितली होती. रोज झोपताना. आजोबांची मेंढरं कशी, कोकरू आईला कसं ओळखतं, पाठीवर खूण का करतात. गावाकडं बघितलेली ती मेंढरं आता तिला धूसरच आठवायची. पण मातीत तिनं कळपच मांडला. ताईंनी काडी दिली, "ह्यांच्यावर खूण नाय? हरवतील ना." तिनं काडी घेतली. उजव्या हातात. आणि मातीच्या ओल्या पाठीवर दोन रेघा ओढल्या. वाकड्या. एक तर पोटावरच गेली. कुणी ती सरळ केली नाही. मी हात मांडीखाली घालून बसले होते, नाहीतर गेलाच असता पुढं.

त्यानंतर ती आपणहून वाळूपाशी गेली. पाच-सहा दिवसांनी असेल. एक बोट, एक रेघ, लगेच ट्रे हलवून पुसली. पुन्हा रेघ, पुन्हा पुसली. माझ्या लक्षात आलं, तिला रेघेपेक्षा पुसणं आवडत होतं. ताई म्हणाल्या, "पुसू द्या. पुसता येतं हे पटलं की मग ठेवायला लागंल." आणि तसंच झालं. एक दिवस तिनं गोल काढला आणि टोकाला टोक नेऊन मिळवलं. ट्रे हलवला नाही. मला हाक मारली, "आई, हे बंद झालं." मेंढरं कोंडायचा वाडा होता तो. ती कितीतरी दिवस नुसते वाडे काढत होती.

मोठ्या कागदाचं काम शुक्रवारी असायचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठी खळीनं एकमेकांना चिकटवून ताई भुईभर कागद करायच्या. खडू मुद्दाम मोडून द्यायच्या, बोटाच्या पेराएवढे. मी विचारलं, अख्खे का देत नाही, तर म्हणाल्या, "अख्खा खडू मुठीत मावतो. तुकडा मुठीत मावत नाय, चिमटीतच धरावा लागतो. सांगायची गरज पडत नाय." एवढं साधं. मी त्या बाईकडं बघत राहिले. आपण पोराला दहादा सांगतो, असं धर, तसं धर. ही बाई खडू मोडते आणि गप्प बसते.

त्यांना सगळं दिसायचं. कोण अजून पूर्ण दंडानं काढतं, कुणाचं मनगट फिरायला लागलं, कुणाची तिरकी रेघ अजून होत नाही. "तिरकी सगळ्यात उशिरा," म्हणायच्या. "उभी येते, आडवी येते, गोल येतो, मग अधिकाची खूण. तिरकीला डोळा आणि हात दोघांनी मिळून जावं लागतं. आणि 'अ' बघा, किती वळणं त्यात! तुम्ही तिला पहिल्याच दिवशी घाट चढायला लावला." हसून म्हणायच्या, पण मला लागायचं. लागायलाच पाहिजे होतं.

मार्च उजाडला. नवऱ्यानं फॉर्म आणला. संध्याकाळी पोरीला म्हणाला, "चल, बापाला 'अ' काढून दाखव." तिनं माझ्याकडं बघितलं. मी सांगून टाकलं, वही दोन महिन्यांपूर्वीच पेटीत गेली आहे.

तो रागावला. आवाज चढवत नाही तो, पण जेवला नाही. "तुला वाटतं का तिनं पण..." एवढं बोलून थांबला. पुढचं मला कळलं. आपल्यासारखंच राहावं का, असं.  मलाही रोज तीच भीती वाटायची. ताईंवर माझा भरवसा होता, पण तो भरवसा पोरीच्या आयुष्यावर लावायचा की नाही, हे मला एकटीला ठरवता येत नव्हतं. एवढंच म्हणाले, "फॉर्म भरायच्या आधी एकदा येऊन बघा. शनिवारी पालकांना बोलावलंय."

तो आला. साइटवरचेच कपडे, पायाला सिमेंट. बापे तिघेच आले होते, बाकी आया. ताईंनी भाषण वगैरे केलं नाही. सगळ्यांपुढं मातीचा गोळा ठेवला आणि म्हणाल्या, "वळा." एका आईनं लाडू केले, एकीनं चूल. भाभीपण आल्या होत्या, मीच आणलं होतं. त्यांनी कबुतर केलं आणि म्हणाल्या, "भोत दिनांनी मजा आली."

नवऱ्यानं गोळा घेतला, भुईवर थापला आणि अंगठ्यानं कडा सारख्या करत सपाट वीट केली. मग पोरगी कुठं दिसते ते बघायला मान वळवली. ती भिंतीपाशी होती. खालच्या बाजूला पोरांच्या उंचीचा काळा पट्टा रंगवला होता, त्यावर ती खडूच्या तुकड्यानं काढत होती. वरून खाली, वरून खाली, सगळा हात हलवत. पाऊस असावा. मग थांबली, मनगट फिरवत छोटे छोटे गोल.

तो बराच वेळ बघत होता. ताई जवळ जाऊन म्हणाल्या, "दादा, तुम्ही प्लास्टर करता ना? किती दिवसांनी थापी हातात आली?"

"मिस्त्रीनं वर्षभर नुसता सिमेंट-वाळूचा माल कालवायला लावला," तो म्हणाला. "मग मागची भिंत. जिथं कुणी बघत नाही तिथं. तिथं थापायचं आणि खरडून काढायचं. हात बसंपर्यंत."

"आणि पहिल्याच दिवशी पुढची भिंत दिली असती तर?"

तो हसला. "भिंत गेली असती आणि मीपण पळालो असतो."

 ताई दुसऱ्या पालकाकडं वळल्या. नवरा तिथंच उकिडवा बसला. पोरीच्या खांद्याकडं बघत. माल भिंतीवर मारताना खांदा कुठनं फिरतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? मी दोन महिने सांगत राहिले असते तरी त्याला जे पटलं नसतं, ते त्याला बाजूला बसून बघून पटलं.

घरी येताना चालता चालता म्हणाला, "फॉर्मची घाई नाही मग. पुढच्या वर्षी बघू. पहिलीलाच घालू, शाळा महापालिकेची का असंना." थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "पण नाही आलं तर जबाबदारी तुझी."

"आपली," मी म्हणाले.

"बरं, आपली."

त्यानंतरचे सात-आठ महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. भाभींचा मुलगा छोटी अक्षरं लिहायला लागला. गावाकडनं फोन आला की नणंद विचारायची, "पोरगी काय शिकतीय?" आणि मी म्हणायचे, "माती मळतीय," आणि मेंढरांचं विचारायला लागायचे. ताईंना मी महिन्यातनं एकदा तरी विचारायचे, "कधी?" त्या म्हणायच्या, "ती मागंल. आपण द्यायचं नाय, तिनं मागायचं." ज्या गोष्टींपायी मला रात्री झोप लागायची नाही, त्यांचं उत्तर त्या एका वाक्यात द्यायच्या आणि ते खरंही निघायचं. ह्या परक्या गावात मला आईसारखं कुणी मिळालं असंल तर त्या. मी हे त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही.

पोरगी पाच वर्षांची पूर्ण झाली. दिवाळीची रांगोळी काढायला मी दाराशी बसले होते. ती माझ्या शेजारी पांढऱ्या रंगानं काहीबाही काढत होती, तिरक्या रेघा, नागमोडी, एकात एक वाडे. मधेच थांबली.

"आई, माझं नाव कसं असतं?"

"कसं म्हणजे?"

"काढल्यावर कसं दिसतं?"

माझा हात तिच्या हातावर जायला निघाला. मी तो मागं घेतला. तिच्यापासनं हातभर लांब सरकले आणि रांगोळीनं भुईवर तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, ताटाएवढं मोठं. घाई केली नाही, वळण कुठनं सुरू होतं ते तिला दिसावं म्हणून. अक्षर चांगलं आलं नाही. माझं अक्षर येतच नाही चांगलं.

तिनं ते नीट बघितलं. उभी राहिली, त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग बसली, रांगोळी चिमटीत घेतली आणि माझ्या अक्षराशेजारी आपलं काढायला लागली. जीभ बाहेर, डोळे खाली. पहिलं वळण बरोबर आलं. दुसरं भलतीकडं गेलं. तिनं ते तळहातानं पुसलं, तोंडानं फुंकर मारली आणि पुन्हा सुरू केलं.

नवरा मागं दारात येऊन उभा होता. "काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"गप," मी म्हणाले. "लिहितीय ती."